सीएनजी टॅक्सीची इंधन-वही: ॲव्हरेज, ऑइल आणि दुरुस्तीचा खर्च नोंदवण्याची पद्धत

स्वतःची गाडी स्वतः चालवून पुण्यात टॅक्सीचा व्यवसाय सुरू करणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो, तो म्हणजे "गाडी ॲव्हरेज किती देते?" बहुतेक जण शेवटच्या एका फेरीवरून अंदाजाने आकडा सांगतात. पेट्रोलच्या गाडीत हा अंदाज फारसा चुकत नाही, पण सीएनजीच्या गाडीत एका भरण्यावरून काढलेला आकडा दोन-तीन किलोमीटरनी सहज फसवतो. त्यामुळे या लेखात सीएनजीवर चालणारी, पेट्रोलची टाकीही असणारी साधी सेडान गाडी डोळ्यांसमोर ठेवून नोंदवही कशी मांडावी, तिच्यातले आकडे कसे वाचावेत आणि त्यांवरून बिघाड व खर्च कसा ओळखावा, हे क्रमाने सांगितले आहे. रिक्षाचालकांनाही बहुतांश पद्धत जशीच्या तशी लागू पडते. उदाहरणांत सीएनजीचा दर ९० रुपये किलो आणि पेट्रोलचा १०५ रुपये लिटर धरला आहे. इतर खर्चाचे आकडेही हिशेब समजावा म्हणून गृहीत धरलेले आहेत. आपल्या वहीत आपल्या पावतीवरचेच आकडे लिहावेत.

वही कशी मांडावी

मोबाइलवर नोंदी ठेवता येतात, पण मी नव्या चालकाला कागदी वहीच सुचवेन. पंपावर मोबाइल वापरायचा नसतो, गॅस भरताना इंजिन बंद करून सर्वांना खाली उतरावे लागते आणि मागे रांग असल्यामुळे भरून झाल्यावर गाडी लगेच पुढे घ्यावी लागते. गाडी पंपाबाहेर सुरक्षित जागी थांबवून, डॅशबोर्डच्या कप्प्यातली वही काढून चार आकडे लिहायला अर्धा मिनिट पुरतो. "संध्याकाळी घरी जाऊन लिहू" असे ठरवले की ओडोमीटरचा आकडा चुकतो, कारण दरम्यान आणखी दोन भाडी झालेली असतात.

वहीचे तीन भाग करावेत. पहिला आणि सर्वांत मोठा भाग इंधनाचा, मधला भाग ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइलचा, आणि मागच्या बाजूने सुरू होणारा भाग दुरुस्ती व सर्व्हिसच्या बिलांचा. इंधनाच्या पानावर तारीख, ओडोमीटर, गॅस किती किलो, किती रुपये, भरून झाल्यावर पंपाच्या यंत्रावर दिसलेला दाब आणि शेरा एवढे रकाने पुरेत. दाबाचा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो, पण सगळी गोम त्याच रकान्यात आहे, हे पुढे दिसेल.

शेऱ्याच्या रकान्यात दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त लिहू नये, मात्र ते शब्द ठरलेले असावेत. "एसी", "घाट", "रांग", "थांबलो", "सामान" असे पाच-सहा शब्द पुरतात. लोहगाव विमानतळावर प्रवाशाची वाट पाहताना एसी लावून गाडी तासभर उभी राहिली असेल, तर किलोमीटर शून्य आणि गॅस मात्र खर्च झालेला असतो. महिनाभराने तो आकडा पाहताना "थांबलो" हा एक शब्द मोठा उलगडा करतो. कात्रज, खंबाटकी किंवा खंडाळ्याचा घाट चढलेला दिवसही असाच वेगळा दिसला पाहिजे.

पंपाची पावती वहीला चिकटवून निश्चिंत होऊ नये. ती उष्णतेने छापणाऱ्या कागदावर येते आणि गाडीतल्या उन्हात काही आठवड्यांत कोरी पडते. पावतीवरचे किलो आणि दर त्याच वेळी वहीत उतरवले म्हणजे पुढे पावती राहिली नाही तरी बिघडत नाही.

पहिले आकडे आणि त्यांचा फसवेपणा

मोजणीची सुरुवात पूर्ण भरलेल्या सिलिंडरपासून करावी. त्या वेळचा ओडोमीटर लिहावा, पण त्या दिवशी भरलेले किलो हिशेबात घेऊ नयेत, कारण तो गॅस पुढच्या किलोमीटरांसाठी आहे. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरताना जेवढे किलो बसतील, तेवढा गॅस मधल्या अंतरासाठी लागला असे धरायचे. उदाहरणादाखल एका गाडीच्या सहा नोंदी पाहू.

| ओडोमीटर | अंतर (किमी) | गॅस (किलो) | दाब (बार) | किमी प्रतिकिलो |
|---|---|---|---|---|
| ८४,२१० | – | सुरुवात | २०० | – |
| ८४,३७२ | १६२ | ७.८ | २०० | २०.८ |
| ८४,५४१ | १६९ | ६.९ | १८० | २४.५ |
| ८४,७०० | १५९ | ७.७ | २०० | २०.६ |
| ८४,८८० | १८० | ७.९ | २०० | २२.८ |
| ८५,०४५ | १६५ | ७.५ | २०० | २२.० |

शेवटचा रकाना पाहून कोणालाही वाटेल की गाडी एका दिवशी साडेचोवीस देते आणि दुसऱ्या दिवशी साडेवीसवर येते, म्हणजे तिच्यात काहीतरी गडबड आहे. प्रत्यक्षात गाडीला काहीही झालेले नाही. दुसऱ्या भरण्याला पंपावर गर्दी होती, चालकांच्या भाषेत "प्रेशर कमी" होते आणि सिलिंडर २०० ऐवजी १८० बारलाच थांबला. साठ लिटर पाणी मावेल एवढ्या सिलिंडरमध्ये वीस बारचा फरक म्हणजे सुमारे पाऊण ते एक किलो गॅस कमी. त्यामुळे त्या वेळी खर्च झालेला गॅस पूर्ण भरून निघाला नाही, आकडा वर गेला, आणि पुढच्या भरण्याने ती तूट भरून काढली तेव्हा खाली आला. त्या दोन भरण्यांची बेरीज केली तर ३२८ किलोमीटरला १४.६ किलो, म्हणजे साधारण साडेबावीस मिळतात आणि चमत्कार नाहीसा होतो.

दाब सारखा असला तरी थोडा फरक राहतोच. गॅस वेगाने भरताना सिलिंडर तापतो, आणि तापलेल्या गॅसचा दाब जास्त दिसत असल्यामुळे २०० बारला पंप थांबतो तेव्हा आत प्रत्यक्ष वजनाने कमी गॅस असतो. रात्री भरून ठेवलेल्या गाडीचा काटा सकाळी न चालवताच थोडा खाली आलेला दिसतो, तो गळतीमुळे असतोच असे नाही. गॅस थंड झाल्याचाही तो परिणाम असतो. (गॅसचा वास येत असेल, तर मात्र ही चर्चा बाजूला ठेवून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि गाडी थेट अधिकृत सीएनजी फिटरकडे तपासायला द्यावी.)

म्हणून नियम असा ठेवावा की एका भरण्याचा आकडा काढायचा नाही, किमान पाच भरण्यांची बेरीज करायची. वरच्या उदाहरणात अंतर ८३५ किलोमीटर आणि गॅस ३७.८ किलो, म्हणजे ॲव्हरेज २२.१. शेवटच्या भरण्यात पाऊण किलोची चूक असली, तरी ३७.८ किलोंवर ती दोन टक्के, म्हणजे अर्ध्या किलोमीटरपेक्षाही कमी होते. त्यामुळे पाच भरण्यांच्या दोन आकड्यांत अर्ध्या किलोमीटरचा फरक दिसला, तर त्याला काहीही अर्थ देऊ नये. महिनाभराचे १८० किलो धरले, तर तीच चूक नगण्य होते आणि तेव्हा अर्ध्या किलोमीटरची घटही लक्ष देण्यासारखी ठरते. शक्यतो पाचवे भरणे नेहमीच्या पंपावर आणि पूर्ण दाबाला करावे. मधली भरणी कुठेही, कितीही केली तरी चालतात, फक्त त्यातले एकही नोंदवायचे राहता कामा नये.

पेट्रोलचे किलोमीटर वेगळे काढणे

अनेक सीएनजी गाड्या सकाळी पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन थोडे गरम झाल्यावर आपोआप गॅसवर जातात. हे पेट्रोल थोडे असते, पण महिन्याला काही लिटर होते आणि वहीत नसेल, तर इंधनखर्चातून गायब होते. ते किलोमीटरांत वेगळे करण्याचा खटाटोप करू नये. महिन्यातून एकदा टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावी, बसलेले लिटर म्हणजे त्या महिन्याचे पेट्रोल, आणि ते रुपयांत धरावे.

गॅस संपल्यामुळे पेट्रोलवर चाललेले अंतर मात्र वेगळे काढलेच पाहिजे. महाबळेश्वरहून परतताना वाटेत गॅस संपला आणि पुढचे ६० किलोमीटर पेट्रोलवर झाले असे समजा. पाच भरण्यांत एकूण ८४० किलोमीटर आणि ३५.३ किलो गॅस अशी नोंद असेल, तर सरळ भागाकाराने २३.८ येतात. ६० किलोमीटर वजा केले की खरा आकडा २२.१ निघतो. गाडी पेट्रोलवर गेल्याचे कळताच पुढच्या सिग्नलला किंवा थांब्यावर ओडोमीटरचे शेवटचे तीन अंक लिहून ठेवावेत आणि गॅस भरताना फरक काढावा. गाडी चालवताना लिहू नये. शेजारी प्रवासी असेल, तर तो आनंदाने आकडा लक्षात ठेवतो.

दोन आकडे, दोन कामे

महिन्याच्या शेवटी दोन आकडे काढावेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. किलोमीटर प्रतिकिलो हा गाडीच्या तब्येतीचा आकडा आहे. त्यावर गॅसच्या दराचा परिणाम होत नाही. रुपये प्रतिकिलोमीटर हा खिशाचा आकडा आहे. तो दर वाढला तरी बदलतो आणि गाडी बिघडली तरी बदलतो. मार्चमध्ये ४,००० किलोमीटर झाले, १८१ किलो गॅसचे १६,२९० रुपये आणि ५ लिटर पेट्रोलचे ५२५ रुपये लागले, तर इंधनाचा खर्च १६,८१५ रुपये, म्हणजे किलोमीटरमागे ४ रुपये २० पैसे. केवळ हाच आकडा लिहिणाऱ्याला पुढच्या महिन्यात ४ रुपये ५० पैसे दिसले, तर दोष दराचा की गाडीचा हे सांगता येणार नाही.

घट दिसली तर काय करावे

आता त्याच गाडीचे पुढचे महिने पाहू. मार्चमध्ये २२.१, एप्रिलमध्ये २१.३, मेमध्ये २०.४ आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात १९.६. एप्रिल-मेमधली घट पाहून घाबरण्याचे कारण नाही. पुण्यात त्या दिवसांत पारा चाळिशीला टेकतो, एसी दिवसभर चालतो आणि शेऱ्याच्या रकान्यात "एसी" हा शब्द जवळजवळ प्रत्येक ओळीत दिसतो. खरी शंका जूनमध्ये येते. पाऊस सुरू झाला, उकाडा उतरला, एसी कमी झाला, तरी आकडा वर येण्याऐवजी आणखी खाली गेला. वही नसती, तर "पावसात ट्रॅफिक असतेच" असे म्हणून हा महिना निघून गेला असता, आणि वाहतूक खरोखरच तुंबत असल्यामुळे ते पटलेही असते.

अशा वेळी तपासणीचा क्रम फुकटातल्या गोष्टींपासून महागाकडे न्यावा. प्रथम सकाळी थंड असताना टायरमधली हवा पाहावी. ती दारावरच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याएवढी असावी. त्यानंतर दहा-बारा किलोमीटर चालवून, ब्रेक फारसे न वापरता थांबून, चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेले असेल, तर तिथला ब्रेक घासत राहत असण्याची शक्यता असते. रिमला एकदम हात लावू नये, भाजू शकते. मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का आणि टायर एका कडेने जास्त झिजले आहेत का, हेही पाहावे. तसे असल्यास व्हील अलाइनमेंट करून घ्यावी.

या गाडीत हे सगळे ठीक निघाले. मग खर्चाच्या गोष्टी आल्या आणि इथे एक शिस्त पाळावी: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्यानंतर पाच भरणी मोजावीत. हिंजवडीकडच्या बांधकामांच्या धुळीत फिरल्याने एअर फिल्टर काळा पडला होता, म्हणून तो प्रथम बदलला. पाच भरण्यांनंतर आकडा १९.८ आला. अर्ध्या किलोमीटरपेक्षा कमी फरक, म्हणजे व्यवहारात काहीच नाही. यात आश्चर्य नाही. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनांत हवा कमी आली, तर संगणक इंधनही कमी सोडतो; त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने गाडीची ताकद कमी होते, ॲव्हरेज फारसे नाही. फिल्टर वेळेवर बदलावाच, पण ॲव्हरेज वाढण्याची अपेक्षा ठेवून नव्हे.

नंतर स्पार्क प्लग काढून पाहिले. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, त्यामुळे सीएनजी गाडीत प्लगवर जास्त ताण येतो आणि टोके झिजून त्यांच्यातली फट वाढली, की एखादा स्फोट पूर्ण होत नाही. चढावर हलके झटके बसणे, सिग्नलला गाडी उभी असताना आरपीएम थरथरणे आणि पेट्रोलवर टाकल्यावर हे दोन्ही कमी होणे, ही त्याची ओळख आहे. चालकाच्या शेऱ्यांत मे महिन्यापासून "चांदणी चौक चढ – झटका" असे दोनदा लिहिलेले होते. प्लग बदलल्यावर पाच भरण्यांत २१.५ आणि जुलैच्या संपूर्ण महिन्यात २१.६ आले. फिल्टर आणि प्लग एकदमच बदलले असते, तर गुण कोणाचा हे कधीच कळले नसते, आणि पुढच्या वेळी फिल्टर बदलून वाट पाहत बसणे आले असते.

यात पैसे किती होते तेही मोजता येते. महिना ४,००० किलोमीटरला २२.१ च्या हिशेबाने १८१ किलो लागतात, १९.६ च्या हिशेबाने २०४. फरक २३ किलोंचा, म्हणजे महिन्याला सुमारे २,०७० रुपये. प्लगचा संच त्याहून स्वस्तात बसतो. आता हे प्लग किती किलोमीटर चालले, ते मागच्या भागात लिहून ठेवायचे; कंपनीच्या पुस्तिकेतली मुदत आणि आपल्या गाडीचा अनुभव यांत जे आधी येईल, तेव्हा पुढचे बदलायचे.

ऑइल आणि इतर द्रवांचे पान

मधल्या भागाचा उपयोग एका साध्या गोष्टीत आहे: वर घालून पातळी सारखी केली की दोष दिसेनासा होतो. ऑइल कमी झाले, पाव लिटर घातले, कूलंट खाली गेला, पाणी ओतले, असे चालले, तर इंजिन बसेपर्यंत काही कळत नाही. म्हणून जे घालाल ते मिलिलिटरमध्ये आणि ओडोमीटरसह लिहावे.

इंजिन ऑइल आठवड्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबल्यावर पाहावे. डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी, मगच वाचावी. वरच्या आणि खालच्या खुणांमधले अंतर मनात चार भागांत वाटून "तीन-चतुर्थांश", "अर्धे" असे लिहावे आणि टॉप-अप करताना दर वेळी त्याच खुणेपर्यंत करावे, नाहीतर तुलना होत नाही. समजा, ऑइल ८०,००० किलोमीटरला बदलले. ८३,००० ला २५० मिलि घातले, ८४,६०० ला पुन्हा २५०, आणि ८५,७०० ला ३००. प्रत्येक वेळी "थोडेसेच" घातल्याचे वाटते. पण दर हजार किलोमीटरला काढले, तर आधी ८३ मिलि, मग १५६, मग २७३ असा चढता क्रम निघतो. एकूण किती घातले त्यापेक्षा ही चढण महत्त्वाची आहे. स्थिर राहून हजाराला शंभर-दीडशे मिलि खाणारे जुने इंजिन वर्षानुवर्षे चालते. दर वेळी वाढत जाणाऱ्या आकड्याला कारण असतेच.

कारण शोधताना आधी गळती तपासावी. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा अंथरून सकाळी डाग पाहावेत आणि डाग कुठे पडला त्यावरून वर बघावे. ड्रेन प्लग, ऑइल फिल्टर आणि इंजिनावरच्या झाकणाचे पॅकिंग या नेहमीच्या जागा. पुठ्ठा कोरडा असेल आणि ॲक्सिलेटर दाबल्यावर मागून निळसर धूर दिसत असेल, तर ऑइल आत जळते आहे आणि मग रिंग किंवा व्हॉल्व्ह सील यांचे काम निघते. गळतीचे काम काही शे रुपयांचे असू शकते, रिंगचे काम इंजिन उघडण्याचे; गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी पुठ्ठ्याचा निकाल हातात असलेला बरा. ऑइल न घालताच त्याची पातळी वाढलेली दिसली किंवा ते ताकासारखे पांढरट झाले असेल, तर कूलंट त्यात मिसळत असण्याची शक्यता आहे आणि गाडी न चालवता टो करून न्यावी.

कूलंटच्या बाटलीवर सकाळच्या थंड पातळीला मार्करने रेघ मारून तारीख टाकावी. बंद यंत्रणेतला कूलंट सहसा कमी होत नाही, म्हणून महिन्यात दुसऱ्यांदा घालावा लागला, की तीच नोंद तक्रार समजावी. गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

ब्रेक ऑइलच्या बाबतीत नवखे चालक एक गोष्ट उलटी करतात. ब्रेक पॅड झिजत गेले, की त्याची पातळी हळूहळू खाली येते. हे नैसर्गिक आहे. पातळी कमी दिसली म्हणून वरून भरले, तर पॅड संपत आल्याची खूण आपण स्वतःच पुसून टाकतो, आणि पुढे नवे पॅड बसवताना ते ऑइल बाटलीतून बाहेर सांडते. आधी पॅड पाहावेत, मग घालायचे की नाही ते ठरवावे. पातळी अचानक खाली गेली असेल, तर ती गळती आहे आणि गाडी रस्त्यावर नेऊ नये. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे ते किलोमीटरवर नव्हे तर तारखेवर बदलतात. बहुतेक गाड्यांत सुमारे दोन वर्षांनी. वहीत त्याची तारीख ठळक लिहावी.

दुरुस्तीचा खर्च किलोमीटरमागे

मागच्या भागात प्रत्येक बिल तारीख, ओडोमीटर, कामाचे नाव, सुट्या भागांची किंमत आणि मजुरी अशा वेगळ्या रकान्यांत उतरवावे. भाग आणि मजुरी वेगळी लिहिली, की नाना पेठेत भाग स्वतः घेऊन बसवायला दिल्याने खरोखर किती वाचले ते दिसते. काही वेळा काहीच वाचलेले नसते, कारण गॅरेजवाला मग मजुरी वाढवतो आणि भागाची जबाबदारी घेत नाही.

बिले आली त्या महिन्यात धरली, तर टायर घेतलेला महिना तोट्याचा आणि बाकीचे फायद्याचे दिसतात. म्हणून झिजणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा खर्च ती जितके किलोमीटर चालते त्यावर वाटावा. चार टायर २०,००० रुपयांचे आणि ४०,००० किलोमीटर चालणारे असतील, तर ५० पैसे. दहा हजार किलोमीटरची सर्व्हिस ६,००० रुपयांची, म्हणजे ६० पैसे. ब्रेक, क्लच, बॅटरी, प्लग मिळून ४० पैसे धरू. विमा, कर, फिटनेस आणि दर तीन वर्षांनी येणारी सिलिंडरची हायड्रो टेस्ट यांचा वर्षाचा वाटा ४८,००० रुपये असेल आणि गाडी वर्षाला ४८,००० किलोमीटर चालत असेल, तर एक रुपया. ही बेरीज अडीच रुपये. इंधनाचे ४ रुपये २० पैसे मिळवले, की गाडी एक किलोमीटर फिरायला ६ रुपये ७० पैसे लागतात, आणि यात कर्जाचा हप्ता किंवा चालकाचे स्वतःचे श्रम अजून आलेलेच नाहीत.

हा आकडा भाड्याशी थेट ताडून पाहू नये, कारण गाडी फिरते त्यातले सगळे किलोमीटर पैसे देणारे नसतात. वारज्याहून खराडीला रिकामे जाणे, विमानतळावरून रिकामे परतणे, गॅससाठी दुसऱ्या पंपावर जाणे, हे सगळे ओडोमीटरवर चढतेच. महिन्याच्या ४,००० किलोमीटरपैकी प्रवाशांसह २,८०० झाले असतील, तर २६,८०० रुपयांचा खर्च २,८०० वर पडतो, म्हणजे भाड्याच्या प्रत्येक किलोमीटरमागे ९ रुपये ५७ पैसे. आउटस्टेशनचे भाडे ठरवताना किंवा एखाद्या कंपनीच्या मासिक करारावर सही करताना हाच आकडा समोर ठेवावा. भाड्याचे किलोमीटर नोंदवण्यासाठी वेगळी वही नको. दिवसअखेर ॲपमधल्या किंवा स्वतःच्या फेऱ्यांची बेरीज इंधनाच्या पानाच्या कडेला लिहिली, तरी पुरते.

वही संपून नवी सुरू करताना तिच्या पहिल्या पानावर जुन्या वहीतून एवढे उतरवावे: शेवटच्या पूर्ण भरण्याचा ओडोमीटर, मागच्या बारा महिन्यांचे ॲव्हरेज महिनावार, ऑइल, प्लग, फिल्टर, टायर आणि ब्रेक पॅड शेवटचे कोणत्या किलोमीटरला बदलले ते, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदलल्याची तारीख, आणि हायड्रो टेस्ट, विमा व फिटनेस संपण्याच्या तारखा. बारा महिन्यांचे आकडे विशेषतः हवेत, कारण पुढच्या मे महिन्याची तुलना एप्रिलशी न करता मागच्या मेशी करायची असते.